सतरा महिन्यांच्या मुलासाठी बाई ठेवताना: जाहिरात, पगार आणि पहिला आठवडा

प्रश्न: "मी बेळगावात अनगोळला राहते, बँकेत नोकरीला आहे. मुलगा सतरा महिन्यांचा. इतके दिवस सासूबाई बघत होत्या, जूनपासून त्या गावी राहणार. घरी येऊन मुलाला सांभाळणारी बाई शोधते आहे. जाहिरातीत वेळ, काम, अनुभव, पगार नेमकं काय लिहू? एक आठवडा ट्रायल ठेवायचं मनात आहे, त्याचे पैसे द्यावे लागतात का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. पैसे द्यायचेच, आणि ठरलेल्या पगाराच्या दराने पूर्ण द्यायचे. मी टिळकवाडीत १९ वर्षं पाळणाघर चालवलं. आता ते बंद केलं असलं, तरी ओळखीच्या घरांना बाया जोडून द्यायचं काम चालूच आहे. अगदी सुरुवातीला मीही एकीला म्हटलं होतं, "चार दिवस येऊन बघा, जमलं तर पगार ठरवू." ती तिसऱ्या दिवसापासून आली नाही. पुढच्या महिन्यात कळलं, शेजारच्या गल्लीत तिला पहिल्या दिवसापासून पैसे देणारं घर मिळालं होतं. बाई हाताची चांगली होती आणि ती मी माझ्या चुकीने घालवली. जिला दुसरीकडे काम मिळू शकतं ती फुकट आठवडा काढत नाही. फुकट यायला तयार होते ती बहुतेक अडलेली असते, आणि अडलेल्या बाईला "मला हे जमणार नाही" असं तोंडावर सांगता येत नाही. तुम्हाला तर ती खरं बोलायला हवी आहे.

तुम्हाला जाहिरातीची काळजी आहे, पण मला वाटतं अवघड गोष्ट पुढची आहे. तुमचा मुलगा अजून सांगू शकत नाही. तुम्ही बँकेत असताना घरात काय झालं हे संध्याकाळी त्याच्याकडून कळायची सोय नाही. दोघांना एकत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघायची संधी त्या एका आठवड्यातच मिळते. म्हणून जाहिरातीचं काम एवढंच, की योग्य बाई त्या आठवड्यापर्यंत यावी आणि अयोग्य बाईने वाचूनच फोन करू नये.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. दुपारी घरात आणखी कोणी मोठं माणूस असतं का, तुमची शाखा घरापासून दहा मिनिटांवर आहे की खानापूरला, मुलगा परक्याकडे लगेच जातो की पदराआड लपतो, यावर पुढचं थोडं बदलेल. घर दुपारी रिकामं असतं असं धरून मी सांगते.

वेळ ठरवताना बँकेचं घड्याळ बाजूला ठेवा आणि मुलाचा दिवस कागदावर मांडा. तो साडेबाराला झोपून अडीचला उठत असेल, तर तेवढा वेळ बाईचा जेवणाचा आणि टेकायचा. तुम्ही पावणेदहाला निघत असाल, तर तिने सव्वानऊला घरात असायला हवं. तो अर्धा तास मुलगा, तुम्ही आणि ती असे तिघे एकत्र असता. रात्री ताप होता का, सकाळी किती खाल्लं, हे तेव्हाच बोलून होतं. मुख्य म्हणजे मुलगा तुमच्या कडेवरून तिच्या कडेवर जागेपणी जातो. मूल झोपलेलं असताना गुपचूप निघून जाऊ नका. उठल्यावर आई नाही आणि समोर अनोळखी बाई, असं एकदा झालं की मूल पुढे झोपायलाच घाबरतं. माझ्याकडे अशी मुलं यायची. मांडीवर डोळे मिटत आले की दचकून उठायची आणि दाराकडे बघायची. संध्याकाळीही तुम्ही पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिची वेळ धरा. म्हणजे सव्वानऊ ते सव्वासहा, नऊ तास, त्यात तिची विश्रांती.

कामाबद्दल मी हट्टी आहे. मुलाला सांभाळणाऱ्या बाईला धुणं-भांडी आणि फरशी सांगू नका. मुलाला भरवणं, त्याचा भात कालवणं, लंगोट-डायपर बदलणं, त्याचे दोन कपडे खळबळून वाळत घालणं, त्याची वाटी-चमचा धुणं, खेळवणं, झोपवणं, संध्याकाळी खाली फिरवून आणणं, एवढं तिचं काम. "मुलगा झोपल्यावर जरा भांडी घासा" हे सुरुवातीला जरा असतं, महिन्याभरात रोजचं होतं, आणि मग मुलगा जागा असतानाही तिची पाठ त्याच्याकडे असते. आपल्याकडे ही भीती नुसती बोलायची नाही. बेळगावात बऱ्याच भागांत पाणी रोज सुटत नाही. सुटेल त्या दिवशी घरोघर बादल्या, बॅरल, हंडे भरून ठेवतात. या वयात मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून बघताना तोल गेला की त्याला स्वतःला वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. चार बोटं पाणी पुरतं. बाई मोरीत भांडी घासत असताना मूल न्हाणीघरात गेलं, हे माझ्या ओळखीच्या एका घरात झालं आहे. मूल वाचलं, कारण आजीला शांतता खटकली. म्हणून बाई येण्याआधी न्हाणीघराला मोठ्यांच्या उंचीवर कडी बसवा आणि बादल्यांवर झाकणं आणा. हे तुमचं काम आहे, तिचं नाही.

अनुभवाच्या बाबतीत एक गफलत नेहमी होते. "मुलांचा अनुभव हवा" असं लिहिलं की बाळंतिणीचं करणाऱ्या बाया येतात. मालिश, आंघोळ, शेक-शेगडी, टाळू भरणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नसतं. पण दोन महिन्यांचं बाळ ठेवलं तिथे राहतं, सतरा महिन्यांचं दिवाणावर चढतं, चप्पल तोंडात घालतं आणि प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतं. ते वेगळं काम आहे. जाहिरातीत सरळ लिहा: चालतं-पळतं मूल सांभाळलेलं असावं, निदान एक वर्ष, मग ते दुसऱ्याच्या घरी असो, अंगणवाडीत मदतनीस म्हणून असो की स्वतःची नातवंडं असोत. नातवंडांचा अनुभव मी कमी धरत नाही. आधीच्या घराचा नंबर मागा आणि तिथे दोनच गोष्टी विचारा: न सांगता किती वेळा राहिली, आणि परत ठेवाल का. दुसऱ्या प्रश्नाला समोरची व्यक्ती किती वेळ थांबून उत्तर देते, तेही ऐका.

कोणी "बारा-तेरा वर्षांची पोरगी आहे, बाळाला खेळवेल, पैसेही कमी" असं सुचवलं तर तिथेच नको म्हणा. १४ वर्षांखालील मुलाला घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे, आणि पुढे २०१६ मध्ये कायदा आणखी कडक झाला. शिवाय ती स्वतःच लेकरू. तुमच्या मुलाच्या घशात काही अडकलं तर तिने काय करायचं?

आता पगार. आकडा गल्लीप्रमाणे बदलतो, म्हणून हिशोबाची रीत सांगते. कर्नाटकात घरकामासाठी किमान वेतन ठरवून दिलेलं आहे आणि महागाई भत्त्याप्रमाणे ते एप्रिलमध्ये बदलतं. कामगार खात्यात चालू आकडा विचारा आणि त्याच्या खाली जाऊ नका. समजा, तुम्ही रोजचे ५४० रुपये धरले. महिन्याचे २६ दिवस म्हणजे १४,०४० रुपये. नऊ तासांना ५४०, म्हणजे तासाला ६०. बँकेत क्लोजिंग असलं आणि तुम्ही एक तास उशिरा पोचलात, तर त्या दिवसाचे ६० वर, महिनाअखेरीला न मागता. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी तुम्हाला सुट्टी असते. तेव्हा तिला येऊ नको म्हटलंत तर तो पगार कापायचा नाही, हे आधीच ठरवा. ट्रायलच्या सहा दिवसांचे ३,२४० रुपये होतात. ते शनिवारी हातात द्यायचे, ठेवलं तरी आणि नाही ठेवलं तरी. मधल्या एखाद्या दिवशी ती दोनच तास थांबली असली तरी दिवस पूर्ण धरायचा, कारण ते दोन तास तुम्ही ठरवले होते.

येण्या-जाण्याचं पण बघा. येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा, सांबरा इकडची बाई असेल तर जून २०२३ पासून तिला कर्नाटकच्या साध्या सरकारी बसला तिकीट नाही. पण महाराष्ट्रातल्या चंदगड भागातून, शिनोळीकडून येणारीला ती सवलत नाही, तिला तिकीट पडतं. ते पगारात धरा. सीमेवर काही तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबतात, तेव्हा ती येऊ शकणार नाही, हेही मनात असू द्या. बस फुकट असली तरी बसची वेळ तिच्या हातात नसते. गर्दीत पहिली गाडी सुटली की अर्धा तास गेला. म्हणून "कुठली गाडी धरता, ती चुकली तर पुढची कधी?" हे पहिल्याच फोनवर विचारा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट विशेष: तुम्हाला जूनपासून बाई हवी आहे. आपल्याकडच्या खेड्यांत जून-जुलै म्हणजे भाताची पेरणी, लावणी आणि मग भांगलण. गावाकडून येणाऱ्या निम्म्या बायांचं स्वतःचं किंवा वाट्याचं शेत असतं. मुलाखतीत "रजा किती घेता?" असं विचारलंत तर "नाही वहिनी, घेतच नाही" असंच उत्तर येईल. त्याऐवजी "शेत आहे का? पेरणीला, सुगीला किती दिवस जावं लागतं?" असं विचारा. मग ती मोकळेपणी सांगते, पेरणीला चार दिवस, सुगीला आठ, सौंदत्तीला एक पौर्णिमा. आधी कळलेली रजा तुम्ही सासूबाईंना बोलावून भागवू शकता. आयत्या वेळी कळलेलीने तुमची नोकरी अडते. शोधायला मेच्या पहिल्या आठवड्यातच लागा, आणि ट्रायल सासूबाई घरी असतानाच, मेच्या शेवटी ठेवा.

जाहिरात मी अशी लिहीन:

"अनगोळ येथे १७ महिन्यांच्या मुलाला घरी येऊन सांभाळण्यासाठी बाई पाहिजे. सोमवार ते शनिवार, सकाळी ९:१५ ते सायंकाळी ६:१५. दुसरा व चौथा शनिवार पगारी सुट्टी. काम फक्त मुलाचं: भरवणं, स्वच्छता, झोप, खेळ. धुणं-भांडी-फरशी नाही. चालत्या-पळत्या मुलाला सांभाळल्याचा निदान एक वर्षाचा अनुभव. मराठी किंवा कन्नड बोलणारी चालेल. पगार १४,०४० रुपये, दुपारचं जेवण. पहिला आठवडा बघण्यासाठी, त्याचे ३,२४० रुपये शनिवारी रोख. आधीच्या घराचा फोन नंबर व आधार कार्ड आणावं."

पगाराचा आकडा लिहायला लाजू नका. "पगार समक्ष" लिहिलं की वीस फोन येतात आणि अठरा वाया जातात. हाच मजकूर कन्नडमध्येही लिहून दुकानात, दूधवाल्याकडे, अंगणवाडीच्या ताईंकडे द्या. कानडी बोलणारी बाई मिळाली तर मुलगा दोन्ही भाषा उचलेल, त्याची चिंता करू नका. फक्त पाणी, शी-शू, दुखतंय, आई या चार-पाच गोष्टी तो कशा बोलतो ते तिला सांगा.

आता तो आठवडा. सोमवार-मंगळवार तुम्ही रजा काढा आणि घरातच राहा. सोमवारी बाईच्या हाती मूल देऊ नका, तिला नुसती बसू द्या. पहिल्या अर्ध्या तासात बघायचं ते एवढंच, की ती मुलावर झडप घालते की त्याला जवळ येऊ देते. गेल्या वर्षी हिंदवाडीत एका घरी सोळा महिन्यांच्या मुलीसाठी येळ्ळूरहून एक मावशी आल्या. मी तिथे होते. मुलगी आईच्या मागे लपली. मावशींनी तिच्याकडे बघितलंही नाही. उंबऱ्याजवळ मांडी घालून बसल्या, स्टीलच्या डब्याची दोन झाकणं मागून घेतली आणि एकावर एक फिरवत बसल्या. वीस मिनिटांनी मुलगी आली आणि तिने वरचं झाकण उचललं. मावशींनी दुसरं पुढे केलं, तेव्हा कुठे तिच्या तोंडाकडे बघून हसल्या. हे शिकवून येत नाही.

मंगळवारी एक जेवण आणि एक झोप तिच्याकडून होऊ द्या. तुम्ही खोलीत असा, पण मध्ये पडू नका. मुलाने तिसऱ्यांदा तोंड फिरवल्यावर ती काय करते, ते बघा. नाक दाबून भरवणारी, "पोलीस येईल, बागुलबुवा येईल" म्हणणारी किंवा लगेच मोबाइल पुढे धरणारी बाई मला चालत नाही. वाटी बाजूला ठेवून दहा मिनिटांनी परत आणणारी चालते. खाऊचा एक नियम त्याच दिवशी सांगा: चिरमुऱ्यांतले शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत. आपल्याकडे चिरमुरे घरोघर असतात आणि प्रेमाने हातावर ठेवले जातात, म्हणून मुद्दाम सांगावं लागतं. शेंगदाण्याचं कूट चालेल, दाणा नाही.

बुधवारी तुम्ही तासभर बाहेर जा. मुलाला सांगून, हात हलवून जा. तो रडेल. बाहेर पडल्यावर परत वळू नका. गुरुवारी तीन-चार तास, त्यात दुपारची झोप येईल असे. शुक्रवारी पूर्ण दिवस, बँकेत हजर. या तीन दिवसांत एकदा सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी घरी या. मात्र बाईला सोमवारीच सांगून ठेवा की या आठवड्यात मी मधेच येईन. कॅमेरा लावणार असाल तर तोही सांगून लावा. लपवलेला कॅमेरा तिला कळला त्या दिवशी ती मनातून गेली असं समजा.

घरी आल्यावर मुलाकडे बघाच, पण बाईने दिवस कसा सांगितला ते जास्त कान देऊन ऐका. हिंदवाडीत गुरुवारी आई घरात शिरली, तर मुलीच्या कपाळावर टेंगूळ. तिने काही विचारायच्या आधी मावशीच म्हणाल्या, "वहिनी, अकराला दिवाणावरनं पडली बघा. मी भात कालवत होतो, पाठ होती माझी. दोन मिनिटं रडली. बर्फ लावला, ओकली नाही, नंतर खेळली." आईला ते सहन झालं नाही, तिने संध्याकाळी मला फोन करून "दुसरी बघा" म्हटलं. मी सांगितलं, हीच ठेवा. वेळ सांगितली, स्वतःची पाठ होती हे सांगितलं, ओकली का तेही बघितलं. टेंगूळ कुणाच्याही हातून येतं, तुमच्याही. दिवाण भिंतीला लावा आणि खाली सतरंजी टाका. मावशी अजून त्या घरी आहेत.

त्याआधी दुसऱ्या एका घरी बाई रोज म्हणायची, "काही नाही वहिनी, दिवसभर गुणानं होतं बघा." मूल संध्याकाळी खरंच शांत असायचं, जरा जास्तच शांत. दुपारी तीन तास झोपायचं आणि उठल्यावरही पेंगायचं. पाचव्या दिवशी कपाटातली सर्दीच्या औषधाची बाटली कमी भरली. झोप लागावी म्हणून ती चमचाभर द्यायची. तिच्या दृष्टीने ते औषधच होतं, वाईट हेतू नव्हता, पण श्वासावर परिणाम होऊ शकतो अशी ही गोष्ट. दीड वर्षाचं मूल दिवसभर गुणी नसतं. सहा दिवसांत एकही रडणं, सांडणं, पडणं कानावर आलं नाही, तर बाई तुम्हाला आवडेल ते सांगते आहे असं धरा. औषधं वरच्या फळीवर कुलपात ठेवा, आणि नियम एकच: तुम्हाला फोन केल्याशिवाय एक थेंबही नाही, घरगुती गुटीसुद्धा नाही. फ्रिजवर तुमचा, शेजारच्या काकूंचा आणि १०८ हे नंबर मोठ्या अक्षरात लावा आणि तिला एकदा तिच्या फोनवरून तुम्हाला लावायला सांगा. नंबर लिहिलेला असतो, पण रिचार्ज संपलेला असतो, असं मी दोनदा बघितलं आहे.

पहिल्या आठवड्यात मुलगा रडला म्हणून बाई नाकारू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडणं वाढतंसुद्धा, कारण आई जाणार हे त्याला आता कळलेलं असतं. बघायचं ते रडून झाल्यावर तो कुणाकडे जातो. शुक्रवारपर्यंत दुखलं-खुपलं की तिच्याकडे हात करत असेल तर जमलं. तिचा पाय वाजला की आक्रसत असेल, किंवा घरी असूनही खाणं अर्ध्यावर आलं असेल, तर नाही.

शनिवारी अर्धा दिवस, आणि मग चहा घेऊन दोघी समोरासमोर बसा. आधी पैसे हातात द्या, मग बोला. पैसे मिळाल्यावर तिला खरं बोलणं सोपं जातं. "तुम्हाला काय अवघड गेलं?" हे तुम्ही आधी विचारा. सासूबाई मध्ये बोलतात, मुलगा फार जड आहे, दुपारी पाठ टेकायला जागा नाही, जे असेल ते तेव्हा निघू दे. ठेवायचं ठरलं तर आधारची प्रत घ्या आणि पोलीस ठाण्यात पडताळणी करून घेणार हे तिला सांगूनच करा. नको असेल तर त्याच बैठकीत सांगा, "कळवते" म्हणून तिला ताटकळत ठेवू नका, सोमवारी तिला दुसरं घर बघायचं असतं. आणि दुसऱ्या नंबरवर आवडलेल्या बाईला शुक्रवारपर्यंत नाही म्हणू नका. तिला आधीच सांगून ठेवा की रविवारी सकाळी फोन करेन, आणि उत्तर काहीही असो, तो फोन करा.